एका पानातलं मॉड्युलेशन

एकपानीबाईंचा दिवस "शी!" या शब्दाने सुरू व्हायचा. सकाळी पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की त्यांची पहिली नजर कपांकडे जायची. कुणीतरी आदल्या दिवशीचा चहा तळाशी तसाच ठेवलेला असायचा, त्यावर साय धरलेली. मग डस्टर. मग खुर्चीच्या हाताला लागलेलं कुणाचं तरी तेल. मग फळा, ज्यावर आधीच्या तासाच्या सरांनी साइन वेव्ह म्हणून काहीतरी काढलेलं असायचं. "ही साइन वेव्ह? हे तर मेलेलं गांडूळ आहे," असं म्हणून बाई आधी फळा पुसायच्या आणि मग हात धुऊन यायच्या. इलेक्ट्रॉनिक्स विभागात त्यांना बत्तीस वर्षं झाली होती आणि या बत्तीस वर्षांत त्यांना आवडलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे त्यांचं स्वतःचं पान.

त्या पानामुळेच पोरांनी त्यांना एकपानी हे नाव ठेवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी एका वर्षी कम्युनिकेशनच्या पेपरात निम्म्याहून जास्त वर्ग नापास झाला. पुस्तकातलं ॲनालॉग मॉड्युलेशनचं, म्हणजे मेसेज कॅरिअर नावाच्या रेडिओलहरीवर चढवायच्या एएम, एफएम वगैरे पद्धतींचं, प्रकरण एकशेचाळीस पानांचं होतं आणि पोरं त्यातली पहिली वीस पानं वाचून देवावर हवाला ठेवत होती. बाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक ट्रेसिंग पेपर टेबलाला चिकटवला, शाईचं बारीक पेन घेतलं आणि दीड महिना खपून ते सगळं प्रकरण एका पानात बसवलं.

पानाला तीन उभे रकाने होते. पहिल्यात आकृत्या. एएमची लाट मेसेजच्या चढउताराबरोबर जाड-बारीक होणारी. डीएसबीची, जिथे मेसेज शून्यातून जातो तिथे कॅरिअर उलटा फिरतो, तो उलटा फिरण्याचा टोकदार खळगा नीट दाखवलेला. एसएसबीच्या ओळीत नुसती सरळसोट साइन वेव्ह. दरवर्षी एक तरी शहाणा विचारायचा, "मॅडम, इथे मॉड्युलेट करायचं विसरलात का?" आणि दरवर्षी त्या म्हणायच्या, "एकच टोन पाठवला तर एसएसबीत एकच फ्रिक्वेन्सी उरते. तुझ्या डोक्यात तेवढीही उरलेली दिसत नाही." एफएमची लाट मेसेजच्या माथ्यावर दाट, तळाशी विरळ. पीएमची दाट होते ती माथ्यावर नाही, मेसेज सर्वांत वेगाने चढतो तिथे. हा फरक दाखवायला त्यांनी दोन्ही लाटा एकाखाली एक काढल्या होत्या आणि मधून तुटक रेघ ओढली होती.

दुसऱ्या रकान्यात बँडविड्थ, म्हणजे कोण किती जागा अडवतं ते. एएम आणि डीएसबीला मेसेजच्या दुप्पट, एसएसबीला मेसेजइतकीच, एफएमला डेव्हिएशन आणि मेसेजची फ्रिक्वेन्सी यांच्या बेरजेची दुप्पट. तिसऱ्या रकान्यात नॉइज, म्हणजे खरखर. सगळ्यांना सारखीच पॉवर दिली तर कोण किती स्वच्छ ऐकू येतं, याची तुलना. डीएसबी आणि एसएसबी दोघांना एक. "एसएसबीत नॉइज निम्मा येतो म्हणून तो दुप्पट चांगला" असं लिहिणाऱ्याला त्या उभं करायच्या: "अरे, डीएसबीत दोन्ही साइडबँड एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून जोडले जातात, नॉइज तसा जोडला जात नाही. हिशेब बरोबरीत सुटतो. बस खाली." एएमला, अगदी पूर्ण मॉड्युलेशन केलं तरी, एक तृतीयांश, कारण बाकीची पॉवर कॅरिअर गिळून बसतो. आणि एफएमला मॉड्युलेशन इंडेक्सच्या वर्गाची दीडपट. इंडेक्स पाच घेतला तर साडेसदतीस. म्हणजे एफएम राजा.

आणि अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, बाईंची लफ्फेदार सही.

"या पानात नाही ते परीक्षेत नाही," असं त्या वर्गात ठणकावून सांगायच्या. आणि खरंच नसायचं. हळूहळू पान कॉलेजच्या दारासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलं, दुसऱ्या कॉलेजांत गेलं. बाईंच्या हाताखालून गेलेली पोरं मास्तर झाली आणि तेच पान शिकवू लागली. त्यातलाच एक आता इथला विभागप्रमुख होता. बाई त्याला अजून "अरे-तुरे"च करायच्या.

आता बाई दहा दिवसांनी निवृत्त होणार होत्या आणि विभागप्रमुखाच्या डोक्यातून एक कल्पना निघाली होती. बाईंचं पान भिंतीएवढं मोठं छापून कम्युनिकेशन लॅबमध्ये कायमचं लावायचं. बाईंनी वरवर नाक मुरडलं. "फ्लेक्सचा वास येतो, डोकं दुखतं माझं." पण घरी जाऊन नवऱ्याला ही गोष्ट तीनदा सांगितली. त्यांचे यजमान घड्याळजी होते, दुकान मुलाच्या हाती देऊन आता घरीच दोन-चार जुनी घड्याळं दुरुस्त करत बसायचे. तिसऱ्या वेळी ते भिंग डोळ्यावरून न काढता म्हणाले, "कळलं गं. भिंतीवर सही येणार तुझी."

त्याच आठवड्यात एक दिवस दुपारी ती मुलगी आली. वर्गात तिला सगळे कॉईल म्हणायचे, कारण तिचे केस तसेच होते, गुंडाळी घातलेले. शेवटच्या वर्षाला होती. बाईंना ती आवडत नव्हती. तिच्या बोटांना सतत सोल्डरचा चिकट तपकिरी रोझीन लागलेला असायचा आणि तीच बोटं ती जर्नलच्या पानांवर ठेवायची.

"मॅडम, एक मिनिट."

"हात धुतलेस का?"

तिने हात पाठीमागे घेतले आणि मग एका हाताने कागद पुढे केले. कम्युनिकेशनच्या पेपरची तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती. छत्तीस मार्क. पास व्हायला चाळीस लागत होते.

"चार मार्कांनी गेले मी. बंदरावरच्या वायरलेस स्टेशनात टेक्निशियन म्हणून माझी निवड झालीय, मॅडम. महिनाअखेरपर्यंत डिप्लोमाचा निकाल दाखवायचाय. नाही दाखवला तर पुढच्या नंबरच्या मुलाला घेणार. फेरतपासणीचा अर्ज केला तर सर म्हणाले, विषयशिक्षकाचं लेखी मत आणा. सहाव्या प्रश्नाला मला शून्य दिलंय. सहापैकी शून्य."

बाईंनी कागद दोन बोटांत धरला. झेरॉक्सवर काळे ठिपके, अक्षर तिरकं, मधेच खाडाखोड. "काय हे अक्षर! कोंबडीने पाय आपटल्यासारखं." असं म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि प्रश्न वाचला.

प्रश्न असा होता. मेसेज तीन किलोहर्ट्झचा, एफएमचा इंडेक्स पाच. एफएम रिसीव्हरमध्ये कॅरिअरची पॉवर आणि नॉइजची पॉवर सारखीच येते, म्हणजे शून्य डीबी. तेवढीच पॉवर देऊन एफएम निवडाल की एसएसबी? कारण द्या.

कॉईलने लिहिलं होतं: एफएमची बँडविड्थ छत्तीस किलोहर्ट्झ, एसएसबीची तीन. म्हणजे एसएसबीच्या रिसीव्हरमध्ये बारा पटीने कमी नॉइज शिरेल, आणि सिग्नल नॉइजच्या बारापट मिळेल, सुमारे अकरा डीबी. एफएमला सूत्राने साडेसव्वीस डीबी येतात, पण ते सूत्र इथे लागू नाही, कारण कॅरिअर नॉइजपेक्षा साधारण दहा डीबी तरी वर असल्याशिवाय एफएम नीट चालत नाही. त्या थ्रेशोल्डच्या खाली टक् टक् असे क्लिक येऊ लागतात आणि मग आवाजच बुडतो. म्हणून एसएसबी.

यावर लाल शाईने भोपळा काढलेला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणत्या गाढवाने तपासलाय हा पेपर?"

कॉईलने विभागप्रमुखाच्या केबिनकडे बघितलं. तेव्हा बाईंना आठवलं की पेपर विभागप्रमुखानेच काढला होता आणि तपासलाही त्यानेच होता.

विभागप्रमुखाच्या केबिनमध्ये एअर फ्रेशनर मारलेला असायचा, गुलाबाच्या नावाखाली काहीतरी गोडमिट्ट. बाईंनी नाकाला पदर लावला आणि झेरॉक्स त्याच्यापुढे टाकली. "हिला शून्य दिलंस तू? थ्रेशोल्ड ठाऊक आहे का तुला?"

तो उठून उभा राहिला. त्यांच्यापुढे तो अजून असाच उठायचा. "मॅडम, बसा तरी. थ्रेशोल्ड पुस्तकात असतो, मला माहितीय. पण आपण उत्तर कशावरून तपासतो? मॉडेल आन्सरवरून. आणि मॉडेल आन्सर मी कुठून घेतलं? तुमच्या पानावरून." त्याने ड्रॉवर उघडला आणि लॅमिनेट केलेली एक जुनी पिवळी प्रत बाहेर काढली. त्याच्या विद्यार्थिदशेतली. कडा झिजलेल्या. "नॉइजचा रकाना बघा. एफएम, इंडेक्सच्या वर्गाची दीडपट. अट काहीच नाही. बेचाळीसपैकी एक्केचाळीस पोरांनी एफएम लिहिलंय, साडेसव्वीस डीबी. या एकटीनेच वेगळं लिहिलं."

"वेगळं नाही लिहिलं. बरोबर लिहिलंय."

"मग पान चूक आहे म्हणता?"

बाईंनी ती प्रत हातात घेतली. तळाशी त्यांची सही, आणि सहीच्या वर नॉइजच्या रकान्याची शेवटची रेघ. मध्ये काही नाही. त्यांना चक्क आठवत होतं की तिथे एक ओळ होती. ही ओळ आपण लिहिली होती, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"झेरॉक्सवाल्याने कापलीय," त्या म्हणाल्या. "तो नेहमी कडा कापतो, मेला."

त्या तशाच कॉलेजच्या दाराबाहेर झेरॉक्सवाल्याकडे गेल्या. मशीनला गरम टोनरचा वास येत होता, काउंटरवर कुणाच्या तरी सामोशाचे कण, आणि त्या कणांवरच पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवलेले. तिथे त्यांच्या पानाचा गठ्ठा होताच, आणि शेजारी आणखी एक गठ्ठा होता. "हमखास पास" असं छापलेलं, कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं मॉड्युलेशनचं पान. बाईंनी ते उचललं. एफएमची लाट माथ्यावर विरळ आणि तळाशी दाट. डीएसबीला खळगाच नाही, नुसती एएमसारखी फुगवटी. पीएम तर एफएमचीच नक्कल, फक्त नाव बदललेलं.

"हे विष कोण विकतं इथे?"

"मॅडम, पोरं मागतात," झेरॉक्सवाला म्हणाला. "पण खप तुमच्याच पानाचा जास्त आहे. देवाशप्पथ."

"आणि माझ्या पानाच्या तळाची ओळ तू खाल्लीस!"

"कुठली ओळ? अहो मॅडम, मी खालून काहीच कापत नाही. कापलं असतं तर आधी तुमची सही गेली असती. सही तर एकदम तळाला आहे. बघा की, शेवटचा फाटासुद्धा आख्खा आलाय."

बाईंनी पाहिलं. सहीचा शेवटचा फाटा खरंच आख्खा आला होता. त्यांनी ते पान काउंटरवर परत ठेवलं आणि रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. झेरॉक्सवाल्यावर चिडायला आता काही कारण उरलं नव्हतं. आणि हे त्यांना फार जड जात होतं.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि त्या सरळ कपाटाकडे गेल्या. वरच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, पुठ्ठ्याच्या नळीत मूळ ट्रेसिंग पेपर होता. बावीस वर्षांत त्यांनी तो कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. तिथेही ओळ नव्हती.

"अहो, जरा इकडे या," त्यांनी हाक मारली. "तुमचं भिंग घेऊन या."

यजमान आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "इथे सहीखाली काही दिसतं का बघा."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पान उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. घड्याळाच्या एवढ्याशा चक्राचा दात कुठे झिजलाय हे बघायची सवय असलेला माणूस. "इथे खरवडलंय," ते शेवटी म्हणाले. "ब्लेडने. कागद पातळ झालाय बघ, उजेड जास्त येतो. आधी काहीतरी लिहिलेलं होतं. पेनाचा दाब उमटलाय अजून. थांब, वाचतो. 'हे... फक्त थ्रेशोल्डच्या वर. खाली एफएम...' पुढचं तुझ्या सहीच्या 'ल'वर आलंय, लागत नाही."

"'खाली एफएम कोसळतो,'" बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांना सगळं आठवलं. आठवलं म्हणजे विसरल्याच नव्हत्या, फक्त त्या बाजूला बघायचं सोडून दिलं होतं. पान तयार झालं त्याच महिन्यात दुसऱ्या वर्गाला शिकवणाऱ्या एका सरांनी ते आपलं म्हणून वाटलं होतं. बाई संतापाने पेटून घरी आल्या होत्या. पानावर सही हवी, मोठी, ठळक, कुणाला पुसता येणार नाही अशी. पण पानावर बोटभरही जागा उरली नव्हती. एकेक लाट, एकेक सूत्र त्यांनी दीड महिना खपून बसवलेलं. मग त्यांनी पानावरून नजर फिरवली, यातलं काय काढलं तर चालेल? आणि तळाची ओळ त्यांना सगळ्यांत बिनकामाची वाटली. तिला आकृती नव्हती, सूत्र नव्हतं, परीक्षेत ती कधी येत नव्हती. त्यांनी दाढीचं नवं ब्लेड घेतलं, यजमानांचंच, आणि शाई हळूहळू खरवडली. मग तिथे सही केली.

"पाणी देऊ का तुला?" यजमानांनी विचारलं.

"मला किळस येतेय."

"कसली?"

"माझी."

यजमानांनी भिंग खिशात ठेवलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात बायकोला साऱ्या जगाची किळस आलेली त्यांनी पाहिली होती, पण हे पहिल्यांदाच ऐकत होते. ते आत गेले आणि खरंच पाणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी बाई लवकर कॉलेजात गेल्या आणि एका कागदावर चार ओळी लिहिल्या. सहाव्या प्रश्नाचं विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर आहे. मॉडेल आन्सर चूक आहे. ते माझ्या पानावरून घेतलेलं आहे आणि पानातली चूक माझी आहे, ती मी हाताने केलेली आहे. खाली त्यांनी सही अगदी छोटी केली.

विभागप्रमुखाने तो कागद वाचला आणि डोक्याला हात लावला. "मॅडम, हे मी पुढे पाठवू कसं? एक्केचाळीस पोरांना पूर्ण मार्क दिलेत मी. आता मॉडेल आन्सर चूक म्हटलं की सगळे पेपर पुन्हा काढायचे. वरून विचारणा होणार माझ्याकडे. आणि तुमचं नाव... दोन दिवसांनी निरोप समारंभ आहे तुमचा. फ्लेक्स आलाय. आत्ताच लॅबमध्ये लावतायत."

"पोरांचे मार्क काढू नकोस. त्यांनी मी शिकवलं तेच लिहिलं. हिचे सहा दे."

"पण कागदावर कारण काय दाखवू?"

"कारण त्या कागदावर लिहिलंय मी."

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. "समारंभानंतर बघू," शेवटी म्हणाला. "महिनाअखेरीला वेळ आहे अजून."

महिनाअखेरीला पाच दिवस उरले होते, आणि "नंतर बघू" म्हणजे काय हे बत्तीस वर्षं सरकारी-निमसरकारी कागद पाहिलेल्या बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्या उठल्या आणि लॅबकडे गेल्या.

लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. समोरच्या भिंतीवर फ्लेक्स लावून झाला होता. पान भिंतीएवढं. एसएसबीची साइन वेव्ह खांबाएवढी जाड. आणि तळाशी त्यांची सही, हातभर लांब, निळ्या रंगात छापलेली, मूळ काळी होती तरी. फ्लेक्सचा तो नवा, डोक्यात जाणारा वास सगळ्या लॅबभर पसरला होता. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

"बंद करा ते," बाई म्हणाल्या. टाळ्या बंद झाल्या.

त्यांनी प्रॅक्टिकलच्या टेबलावरून वायर सोलायचं कटर उचललं, स्टूल ओढलं आणि त्यावर चढल्या. कुणीतरी "मॅडम, सांभाळा!" असं ओरडलं. विभागप्रमुख एव्हाना मागून येऊन दारात उभा होता. बाईंनी फ्लेक्समध्ये पातं घातलं आणि आपल्या सहीभोवती चौकोन कापायला सुरुवात केली. फ्लेक्स चरचर फाटत होता. चौकोनाचा तुकडा खाली लोंबला, तो त्यांनी ओढून काढला आणि बाजूला टाकला. भिंतीचा जुना पिवळा रंग दिसू लागला.

"ड्रॉइंगचा कागद द्या कुणीतरी. पांढरा. आणि टेप."

कागद आला. त्यांनी तो त्या भोकावर चिकटवला आणि काळ्या मार्करने लिहिलं: हे फक्त थ्रेशोल्डच्या वर. खाली एफएम कोसळतो.

अक्षर थोडं उतरतं गेलं. बाईंना ते खटकलं, पण त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्या स्टुलावरूनच वर्गाकडे वळल्या.

"बावीस वर्षांपूर्वी ही ओळ इथे होती," त्या म्हणाल्या. "मी ती खरवडून तिथे माझी सही केली. म्हणून तुमच्या सीनियरना चूक शिकवली गेली, आणि एका मुलीने बरोबर उत्तर लिहिलं तर तिला शून्य मिळालं. माझ्या सहीला जागा हवी होती म्हणून. आता सगळ्यांनी आपापल्या पानावर ही ओळ लिहा. सहीवरच लिहा. आत्ता."

पोरांनी बॅगा उघडल्या. सत्तावीस पेनं एकदम चालू झाली. दारातून विभागप्रमुख ते बघत होता. त्याच्या मागे कॉरिडॉरमध्ये अजून पोरं गोळा झाली होती, आणि त्यांत कॉईलही होती. आता ही गोष्ट दुपारपर्यंत अख्ख्या कॉलेजात जाणार हे त्याला दिसत होतं. समारंभापर्यंत थांबण्यात काही अर्थ उरला नव्हता. त्याने खिशातून तो चार ओळींचा कागद काढला, दाराच्या चौकटीवर टेकवला आणि सही केली.

"सहा मार्क," तो कॉईलला म्हणाला. "उद्या ऑफिसमधून नवं मार्कशीट घेऊन जा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "सॉरी गं." आणि निघून गेला.

प्रॅक्टिकल संपलं. पोरं गेली. बाई स्टुलावर बसून होत्या. कॉईल आत आली आणि दाराशीच थांबली, हात पाठीमागे.

"ये," बाई म्हणाल्या. "एक सांग मला. पान सगळ्यांकडे होतं, तुझ्याकडेही होतं. मग थ्रेशोल्ड तुला कुठून कळला? पुस्तक तर तुम्ही कुणी उघडत नाही."

"ऐकला, मॅडम. सहा महिन्यांपूर्वी एफएमच्या प्रॅक्टिकलला मी सिग्नल जनरेटरची लेव्हल कमी कमी करत गेले. आधी काहीच फरक नव्हता, आवाज स्वच्छ. मग अचानक टक् टक् सुरू झालं, आणि अजून थोडं कमी केलं तर सगळंच बुडालं. एसएसबीवर करून बघितलं तर तो नुसता हळूहळू खरखरत जातो. मला कळेना, पानावर तर एफएम सगळ्यात चांगला म्हटलंय."

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, पानात नाही ते विचारू नकोस, आणि हात धुऊन ये."

बाईंना ते आठवलं. त्या दिवशी वास येत होता तो रोझीनचा होता, आणि त्यांनी मुलीच्या बोटांकडे बघितलं होतं, तोंडाकडे नाही.

"जनरेटर लाव," त्या म्हणाल्या.

कॉईलने जनरेटर लावला, रिसीव्हर चालू केला, स्पीकरमधून एक टोन स्वच्छ येऊ लागला. ती लेव्हलचं बटण हळूहळू खाली आणू लागली, त्याच तपकिरी डागांच्या बोटांनी. बाई स्टूल ओढून स्पीकरजवळ आल्या आणि डोळे मिटून बसल्या. बराच वेळ टोन तसाच होता. मग पहिला क्लिक आला, मग दुसरा.

"अजून खाली," बाई म्हणाल्या.